खोळ धुतल्यावर आखूड का पडते, आणि कापड किती जास्त आणायचं?

प्रश्न: गादीच्या चार खोळी घरीच शिवल्या. गादी ७२ बाय ३६ इंच, जाडी ४ इंच. ४४ पन्ह्याचा मांजरपाट खोळीमागे ४ मीटर असा १६ मीटर आणला. शिवल्यावर खोळ ७७ इंच लांब, ४३ इंच रुंद होती आणि छान बसली. पहिल्या धुण्यानंतर ७१ बाय सव्वाएक्केचाळीस झाली, आता गादीचं तोंड बाहेर राहतं. दुकानदार म्हणतो १० टक्के जास्त घ्या, शेजारच्या काकू म्हणतात मीटरमागे चार बोटं. नक्की किती घ्यायचं? आणि कापड आधी भिजवून शिवलं तर पुन्हा आटणार नाही ना?

उत्तर:

ताई, तुम्ही धुण्याआधीचं आणि धुतल्यानंतरचं माप लिहून ठेवलंत, त्यामुळे निम्मं काम झालं. बाकीचे फक्त "आटलं हो" एवढंच सांगतात. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला वीसेक वर्षं खोळी, पडदे आणि शाळेचे गणवेश शिवून देते, आणि या विषयात माझे स्वतःचे पैसेही बुडालेले आहेत. ते पुढे सांगते.

आधी तुमच्याच मापातून टक्का काढू. ७७ ची ७१ झाली, म्हणजे ६ इंच गेले. मूळच्या ७७ मध्ये ६, म्हणजे ७.८ टक्के. रुंदीत ४३ वरून सव्वाएक्केचाळीस, पावणेदोन इंच गेले, म्हणजे जेमतेम ४ टक्के. एकच कापड, एकच धुणं, पण लांबीला दुप्पट आटलं. हे चुकून झालेलं नाही, साध्या विणीच्या कोऱ्या सुती कापडात बहुतेक वेळा असंच होतं, आणि कापड किती जास्त आणायचं याचा सगळा हिशेब इथून सुरू होतो.

का होतं ते डोळ्यांनी बघता येतं. दुकानातून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर लांबीच्या दिशेने १० सेंटिमीटरवर पेनाने दोन खुणा करा. त्या दोन खुणांमधून जाणारा एक उभा धागा सुईने सोडवून बाहेर काढा. तो सरळ नसतो, बारीक नागमोडी असतो, कारण तो आडव्या धाग्यांच्या खालून-वरून गेलेला असतो. आता तो बोटांत धरून हलकेच सरळ करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. समजा साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास भरलं. हेच तुमच्या धुतलेल्या खोळीच्या कापडावर करा. तिथे तेवढ्याच १० सेंटिमीटर कापडात साडेअकराच्या जवळपास धागा निघेल. कोऱ्या कापडाच्या शेजारी धुतलेल्याचा धागा ठेवलात तर लाटा जास्त खोल झालेल्या सरळ दिसतात.

म्हणजे धागा आटत नाही, धागा वाकतो. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून बसवलेले असतात, त्यांवर खळ चढवलेली असते, आणि विणून झालेलं कापड पुढे गुंडाळताना तो ताण तसाच कापडात राहतो. खळ वाळून कडक झालेली असते, ती धाग्याला त्या ताणलेल्या अवस्थेत धरून ठेवते. पाण्यात गेल्यावर दोन गोष्टी एकदम होतात. खळ सुटते आणि ताण मोकळा होतो, आणि कापूस पाणी पिऊन जाडीत फुगतो. लांबीत तो जवळजवळ वाढत नाही, फुगतो तो जाडीतच. आडवा धागा जाड झाला की त्याला वळसा घालायला उभ्या धाग्याला जास्त लांबी लागते, आणि ती तो कापडाच्या लांबीतूनच काढतो. आडवा धागा, म्हणजे बाणा, मागावर तेवढा ताणलेला नसतो, म्हणून पन्ह्यात आटणं कमी. कापड रंगवताना किंवा वाळवताना रुंदीत ओढलेलं असेल तर मात्र पन्हाही बऱ्यापैकी आत येतो, म्हणून पन्हा मोजायचा सोडू नका.

आता काकूंची चार बोटं. मध्यम हाताची चार बोटं सात-साडेसात सेंटिमीटर भरतात, म्हणजे मीटरला साधारण सात टक्के. जुन्या बायकांचा अंदाज वाया गेलेला नाही, धुवट सुती कापडाला पुरतो. मांजरपाटाला मात्र थोडा कमी पडतो. दुकानदाराचे १० टक्के तुमच्या या कापडापुरते जवळपास बरोबर निघतील, पण तो हेच १० टक्के पॉलिस्टर मिसळलेल्या कापडालाही सांगत असेल आणि रेयॉनलाही, म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

टक्का हातात आल्यावर बहुतेक जण एक चूक करतात, मीही पहिली काही वर्षं केली. ८ टक्के आटतं ना, मग ८ टक्के जास्त घेऊ. तुमच्याच खोळीवर बघा. ७७ ची ७१ होताना ६ इंच गेले ते ७७ चे ७.८ टक्के होते. पण ७१ वरून परत ७७ वर यायचं असेल तर तेच ६ इंच ७१ चे साडेआठ टक्के होतात. कापड आटतं ते मोठ्या मापातून, आणि आपण जास्तीचं मोजतो ते छोट्या मापावर. म्हणून टक्के मिळवायचे नाहीत, भागायचं. धुतल्यावर जे माप हवं त्याला १०० ने गुणा, आणि १०० मधून आटण्याचा टक्का वजा करून जे उरेल त्याने भागा. ८ टक्के आटत असेल तर ९२ ने, १० असेल तर ९० ने.

पाच टक्क्यांच्या आत हा फरक इतका बारीक असतो की शिलाईच्या दाबात लपून जातो. १० टक्क्यांच्या पुढे मात्र खोळीमागे दोन-दोन इंचांची तूट दिसायला लागते.

दुसरी चूक म्हणजे फक्त तयार मापाचा हिशेब करणे. दाब, तोंडाची दुमड, सगळंच आटतं. त्यामुळे आधी धुतलेल्या कापडात किती लागेल ते पूर्ण मांडायचं आणि मग एकदाच भागायचं. तुमची खोळ मांडू. गादी ७२ लांब आणि ४ जाड, म्हणून सपाट ठेवलेल्या खोळीला लांबी ७६ हवी, गादी सरकवायला सैल म्हणून वर १ इंच, ७७. तुम्ही पायाकडे घडी घालून एकच तुकडा वापरलाय, तेच बरोबर, एक शिवण वाचते. मग दोन बाजूंचे १५४ आणि तोंडाला दोन्हीकडे दीड-दीड इंचाची दुमड मिळून १५७ इंच. मीटरमध्ये हे ३.९९ होतं. तुम्ही खोळीमागे ४ मीटर आणलंत, म्हणजे तुमचा हिशेब अचूकच होता. फक्त तो धुतलेल्या कापडाचा होता आणि कापड कोरं होतं.

टक्का मी ८ नाही धरणार. ७.८ हे पहिल्या धुण्याचं झालं. मांजरपाटातली खळ पहिल्या पाण्यात पूर्ण जात नाही, दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात आणखी थोडं आटतं आणि मग स्थिरावतं. म्हणून या कापडाला लांबीत १०, पन्ह्यात ५ धरते. १५७ ला ९० ने भागून १०० ने गुणलं की साडेएकशेचौऱ्याहत्तरला जरा कमी इंच, म्हणजे ४.४३ मीटर. चार खोळींना १७.७२. दुकानात १८ मीटर मागा.

आता पन्हा. इथे लोक फसतात, कारण लांबी जास्त घेता येते, पण पन्हा मागावर ठरून आलेला असतो, तो कितीही मीटर घेतलं तरी वाढत नाही. म्हणून पन्ह्याचा हिशेब उलटा करायचा, आहे त्यातून किती उरेल ते बघायचं. ४४ चे ५ टक्के गेले की ४१.८ उरतात. दोन बाजूंच्या शिवणीत अर्धा-अर्धा इंच गेला की ४०.८. तुमच्या गादीला ३६ आणि ४ मिळून ४० लागतात. बसतं, पण पाऊण इंचावर. हीच गादी ५ इंच जाड असती तर ४१ लागले असते आणि खोळ चढलीच नसती. तिथे ५४ चा पन्हा शोधायचा, नाहीतर बाजूला पट्टी जोडायची. आणि ४४ म्हणून दिलेला पन्हा टेपने स्वतः मोजा. काठासकट ४३ भरणारे तागे बाजारात भरपूर असतात, आणि ४३ असेल तर शेवटी उरतात पावणेचाळीसच्या जरा वर, म्हणजे तुमची खोळ गेली. या कापडात लांबीपेक्षा मला पन्ह्याची भीती जास्त वाटते.

"आधी भिजवून शिवलं तर?" हो, खोळीला तेच करा, पण भिजवणं म्हणजे बादलीत बुचकळून काढणं नाही. नुसतं गार पाणी दाखवलेलं कापड निम्मंच आटतं आणि उरलेलं आटणं शिवल्यानंतर होतं. मग आपल्याला वाटतं, भिजवलं होतं तरी कसं आटलं.

१८ मीटर एका वेळी धुवायला जाऊ नका, घड्यांच्या आत पाणीच पोचत नाही. साडेचार मीटरचे चार तुकडे करा. कापताना आडवा धागा ओढून त्या रेषेवर कापा, म्हणजे टोक तिरकं येणार नाही. टोकांवर झिगझॅग मारा, नाहीतर धुताना दोरेच दोरे निघतील. मोठ्या टबात हाताला सोसेल एवढं गरम पाणी आणि नेहमीची पावडर घालून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी गढूळ, पिवळसर आणि जरा बुळबुळीत झालेलं दिसेल, वासही येईल. ती सुटलेली खळ. पाणी बदलून पुन्हा चोळून धुवा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघणं ही माझी खूण आहे. खळ असेल तर वाळलेल्या कापडावर थेंब क्षणभर मोती होऊन बसतो, खळ गेली असेल तर टाकल्याबरोबर पसरतो. मोती दिसला तर आणखी एकदा.

वाळवताना तुकडा लांबीने दोरीवर लोंबकळत टाकू नका. ओल्या कापडाचं स्वतःचं वजन त्याला खाली ओढतं, आटलेलं परत लांबवतं, आणि तुम्ही त्या फसव्या मापावर बेतता. दोरीवर पन्ह्याच्या बाजूने टाका, नाहीतर गच्चीवर चादर पसरून त्यावर. आपल्या सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात तासा-दोन तासांत वाळतं, तेव्हा घाई नाही. इस्त्री वरून दाबत करायची, ओढत नाही. इस्त्रीवाले कापड सरळ दिसावं म्हणून टोक धरून खेचतात, ते खेचलेलं पुढच्या धुण्यात परत जातं.

असे वाळलेले तुकडे मोजा. साडेचार मीटर म्हणजे १७७ इंच, १० टक्के आटले तरी १५९ उरतील, तुम्हाला १५७ हवेत. कमी आटलं तर जास्त उरेल, त्याच्या नाड्या करा. या पद्धतीत टक्का अचूक नसला तरी चालतो, फक्त कापड पुरेसं हवं. म्हणून घरच्या कामाला हीच पद्धत.

तोंडाला चेन लावणार असाल तर मात्र धुऊनच शिवायला हवं, पर्याय नाही. चेनची पट्टी पॉलिस्टरची, ती आटत नाही. कोऱ्या कापडाला लावलीत तर कापड आटतं, चेन तेवढीच राहते, आणि तोंडाला सापासारख्या चुण्या येतात. गोटाचंही तसंच.

आम्हाला मोठ्या ऑर्डरीत सगळं कापड आधी धुणं परवडत नाही, म्हणून आम्ही नमुना धुऊन टक्का काढतो आणि मोठं बेतून कोरंच शिवतो. त्याची रीत अशी. पूर्ण पन्ह्याचा पाऊण मीटर तुकडा घ्यायचा, तो रात्रभर टेबलावर मोकळा पसरून ठेवायचा, कारण ताग्यावर गुंडाळलेलं कापड ताणलेलं असतं. मग काठापासून चार बोटं आत सरकून ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखायचा. कोपऱ्यांवर पेनाच्या खुणा धुण्यात पुसतात, म्हणून रंगीत दोऱ्याचे टाके घालायचे. ५० चा चौकोन घेतला की हिशेब तोंडी होतो, एक सेंटिमीटर कमी म्हणजे २ टक्के. लहान कतरणीवर हे करू नका. १० सेंटिमीटरच्या तुकड्यात टेप दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी टक्का २ ने चुकतो. लांबी तीन ठिकाणी, रुंदी तीन ठिकाणी मोजायची आणि सरासरी घ्यायची. आणि धुणं गिऱ्हाईक जसं धुणार तसंच. मशीनमध्ये गरम पाण्यात टाकणाऱ्याची खोळ हाताने धुतलेल्या नमुन्यावर बेतून चालत नाही. तीन धुणी, तीन वाळवणी, मग शेवटचं माप.

हे सगळं करूनही मी एकदा फसले. पंढरपूरच्या वाटेवरच्या एका राहण्याच्या ठिकाणाची ४० खोळींची ऑर्डर होती. नमुना धुतला, ७ टक्के आले, त्यावर बेतलं. कापड मध्येच संपलं म्हणून त्याच दुकानातून त्याच नावाचा, त्याच पन्ह्याचा दुसरा तागा उचलला आणि नमुना न धुता शिवायला घेतला. महिन्याभराने फोन आला, १४ खोळी चढत नाहीत. त्या बरोबर दुसऱ्या ताग्यातल्या होत्या, वीण जराशी विरळ असावी, त्या १० च्या वर आटल्या होत्या. पट्ट्या जोडून द्याव्या लागल्या, मजुरी आमची. तेव्हापासून तागा बदलला की नमुना नवा. तुम्हीही १८ मीटर एकाच ताग्यातून फाडून घ्या. दोन तुकड्यांत देतो म्हणाला तर दोन्ही एकाच ताग्याचे आहेत का ते विचारा.

बाकी कापडांचं थोडक्यात, कारण तुम्ही पुढे पडदेही शिवाल. ताग्यावर सॅन्फोराइज्ड किंवा प्रीश्रंक असं छापलेलं असेल तर ते कापड कारखान्यातच लांबीत दाबून आटवलेलं असतं, मागे साधारण टक्काभरच उरतो. (हा शब्द अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लुएट यांच्या नावावरून आला, आपल्याकडे तो कापडाच्या जातीसारखा वापरतात.) पॉलिस्टर-कॉटन एक-दोन टक्के. हातमागाच्या सुती कापडाला मी ८ धरते आणि नमुना धुतेच. रेयॉन फसवं, ओलं असताना लांबतं आणि वाळल्यावर आटतं, ते ओलं असताना कधीच मोजू नका. आपल्याकडची चादर आणि टॉवेल तयार मापाचेच येतात, तिथे बेतण्याचा प्रश्न नाही, पलंगापेक्षा एक माप मोठी चादर घ्यायची एवढंच.

आता हातातल्या चार खोळी. त्या टाकू नका, रुंदीला त्या बसतात, फक्त लांबीला कमी आहेत. आधी त्या गरम पाण्यात आणखी दोनदा धुवा, म्हणजे जे आटायचं ते आटून जाईल. मग त्याच मांजरपाटाचा अडीच मीटर तुकडा वर सांगितल्याप्रमाणे धुऊन-वाळवून त्यातून पूर्ण पन्ह्याच्या १० इंच उंचीच्या आठ पट्ट्या काढा. ८० इंच लागतील, आटून ८८ च्या आसपास उरतील. खोळीमागे दोन पट्ट्या बाजूंनी जोडून गोल केल्या की पट्टीचा घेर खोळीच्या तोंडाएवढाच येतो, कारण दोन्ही एकाच पन्ह्याच्या आहेत. इंच-पाव इंच फरक आला तर तो बाजूच्या शिवणीत घ्या. जोडायला अर्धा इंच पट्टीचा, अर्धा खोळीचा, आणि नव्या तोंडाला दीड इंच दुमड. १० मधले साडेसात इंच लांबीत पडतील. खोळ ७१ वरून आणखी इंचभर आटली असली तरी ७७ च्या वर येते. जोडाची शिवण आतून दुहेरी घाला, गादी ओढून काढताना सगळा ताण तिथेच येतो.